काय-स्क्वेअर चाचणी: सारणीचे चित्र गहाळ, हाती फक्त परिकल्पना

अनुजा_सातारा

नमस्कार. मी नोकरी सांभाळून बहिःस्थ एम.कॉम. करते आहे. संख्याशास्त्राच्या सरावसंचातील एका गणितापाशी तीन दिवस अडले आहे. संचाच्या स्कॅन प्रतीत जिथे सारणी असायला हवी तिथे नुसता कोरा चौकोन आहे. खाली उरलेला मजकूर जसाच्या तसा देते:

"एका दुकानातील २०० ग्राहकांची माहिती वरील सारणीत दिली आहे. शून्य परिकल्पना: ग्राहकांचा वयोगट आणि रोख, कार्ड व यूपीआय यांपैकी त्यांनी निवडलेली पैसे देण्याची पद्धत हे दोन गुणधर्म परस्परांपासून स्वतंत्र आहेत. ५ टक्के सार्थकता पातळीवर चाचणी करा."

संचाच्या शेवटी उत्तर आहे: "काय-स्क्वेअर = ९.५१, शून्य परिकल्पना नाकारली." एवढ्यावरून हे गणित कुठपर्यंत नेता येईल? आणि जिथे थांबावे लागेल तिथे का थांबावे लागते, हेही कोणी समजावून सांगितले तर फार उपकार होतील.

पायवाट

अनुजाताई, यात अडण्यासारखे काही नाही. पद्धती तीन आहेत. तिनातून एक वजा केला की स्वातंत्र्यमात्रा २ येते. २ साठी ५ टक्क्यांची सीमा ५.९९१ आहे आणि ९.५१ हे तिच्यापेक्षा मोठे असल्यामुळे परिकल्पना नाकारली. उत्तर जुळले. सारणी नसली तरी बिघडत नाही.

निळी_शाई

माझीही हीच अडचण आहे. मी एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधात एक जुना अहवाल वापरते आहे. त्यात सारणी नाही, फक्त असे म्हटले आहे की एका गटातील ४० टक्के आणि दुसऱ्या गटातील ६० टक्के मातांनी पूर्ण लसीकरण केले. त्यावरून मी परिकल्पना लिहिली आहे. ४० आणि ६० हे आकडे थेट सारणीत भरून चाचणी केली तर चालेल का?

देशमुख_मास्तर

आधी अनुजाताईंचे बघू, निळी शाईंकडे नंतर येतो. मी महाविद्यालयात हा विषय सव्वीस वर्षे शिकवला आणि सारणी हरवलेली अशी प्रश्नपत्रिका एकदा माझ्या हातूनही वर्गात गेली होती, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे.

परिकल्पनेच्या वाक्यातून बरेच काही मिळते. दोन गुणधर्म आहेत आणि ते स्वतंत्र आहेत असा दावा आहे, म्हणजे ही स्वातंत्र्याची चाचणी झाली. एकच गुणधर्म ठरावीक प्रमाणात वाटला गेला आहे का, हे पाहणारी ती चाचणी नव्हे. पायवाट यांची गफलत इथेच झाली आहे. "तीन वजा एक" हा हिशेब त्या दुसऱ्या चाचणीचा. इथे ओळींच्या संख्येतून एक आणि स्तंभांच्या संख्येतून एक वजा करून त्यांचा गुणाकार घ्यावा लागतो. पद्धती तीन आहेत, म्हणजे एका बाजूने २ मिळाले. दुसऱ्या बाजूला वयोगट आहेत आणि ते किती, हे वाक्यात कुठेच नाही. वयोगट दोन असतील तर स्वातंत्र्यमात्रा २, तीन असतील तर ४, चार असतील तर ६.

मराठीत या ठिकाणी विद्यार्थी हमखास अडखळतात, कारण "स्वातंत्र्याची चाचणी" आणि "स्वातंत्र्यमात्रा" यांत एकच शब्द येतो. पहिल्यातले स्वातंत्र्य दोन गुणधर्मांचे एकमेकांपासूनचे आहे. दुसऱ्यातले आहे सारणीतील घरांचे, म्हणजे कडेच्या बेरजा कायम ठेवून किती घरांत आपल्याला हवा तो आकडा भरता येईल, त्याचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

आता उत्तराची ओळ बघा, ती वाटते त्यापेक्षा अधिक बोलते. ५ टक्क्यांच्या सीमा अशा आहेत: २ साठी ५.९९१, ४ साठी ९.४८८, ६ साठी १२.५९२. किंमत ९.५१ असताना परिकल्पना नाकारली आहे. वयोगट चार असते तर ९.५१ हे १२.५९२ च्या आत राहिले असते आणि नाकारता आली नसती. म्हणून संचातील उत्तर बरोबर आहे असे धरले तर वयोगट दोन किंवा तीनच असले पाहिजेत. तीन असतील तर निकाल अगदी काठावरचा आहे, हेही लक्षात ठेवा.

पायवाट

सर, माझी चूक मान्य आहे. आमच्या नोट्समध्ये "गट वजा एक" एवढेच लिहिले होते आणि मी ते सगळीकडे लावत आलो.

देशमुख_मास्तर

त्यात कमीपणा मानू नका. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली ही चाचणी मांडली तेव्हा अशा सारण्यांच्या बाबतीत स्वातंत्र्यमात्रा मोजण्यात खुद्द त्यांचीही चूक झाली होती. दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या सारणीत ते ३ धरत असत. कडेच्या बेरजा आपण त्याच आकड्यांतून काढतो, त्यामुळे तिथे १ च उरते, हे फिशर यांनी १९२२ साली दाखवून दिले आणि पिअर्सन यांना ते सहजासहजी पटले नाही.

निळी शाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे, आणि कारण एका उदाहरणात दिसेल. दोन्ही गटांत प्रत्येकी २५ माता असत्या तर ४० आणि ६० टक्के म्हणजे १० आणि १५. त्यावरून काय-स्क्वेअर २.० येतो. प्रत्येकी ५० असत्या तर २० आणि ३०, म्हणजे ४.०. प्रत्येकी १०० असत्या तर ८.०. टक्के तेच राहिले, पण माणसे दुप्पट झाली की किंमतही दुप्पट झाली. स्वातंत्र्यमात्रा १ साठी सीमा ३.८४१ आहे, म्हणजे २५ असताना परिकल्पना नाकारता येत नाही आणि ५० असताना येते. टक्के सारणीत भरले की प्रत्येक गटात १०० माता होत्या असे आपण न सांगता गृहीत धरतो. त्या अहवालात गटांतील मातांची संख्या कुठे तरी, निदान नमुना निवडीच्या प्रकरणात, असेल. आधी ती शोधा.

निळी_शाई

सर, अहवालात "एकूण ९६ माता" एवढेच आहे. दोन गटांत किती किती, ते नाही. ४८ आणि ४८ धरू का?

देशमुख_मास्तर

४८ चे ४० टक्के म्हणजे १९.२, आणि मातेचा अंश होत नाही. टक्के पूर्णांकात आणलेले असतील तर १९ धरता येतील, कारण १९ भागिले ४८ म्हणजे ३९.६ टक्के. पण ४३ आणि ५३ अशी विभागणीही तितकीच शक्य आहे. ज्यांनी अहवाल केला त्यांना पत्र लिहून विचारणे हाच मार्ग आहे. प्रबंधात अंदाजाने भरलेले आकडे परीक्षकांनी पकडले तर पुढचे सगळे विश्लेषण पडते.

अनुजा_सातारा

मास्तर, मनापासून आभार. काल रात्री एका मैत्रिणीला फोन केला. तिच्याकडे या संचाची अगदी अंधुक झेरॉक्स आहे. आतली घरे वाचता येत नाहीत, पण कडेच्या बेरजा तिने वाचून दाखवल्या. वयोगट तीन आहेत: ३० पर्यंत, ३१ ते ५० आणि ५१ च्या पुढे. त्यांच्या बेरजा अनुक्रमे ८०, ७० आणि ५०. रोख ७०, कार्ड ४०, यूपीआय ९०. आता तरी पुढे जाता येईल ना?

देशमुख_मास्तर

अर्धे गणित झाले म्हणा. वयोगट तीन ठरले, म्हणजे स्वातंत्र्यमात्रा ४ आणि सीमा ९.४८८ हे पक्के झाले. शिवाय अपेक्षित वारंवारतांची सगळी सारणी आता आतली घरे न पाहताच मांडता येते, कारण अपेक्षित आकडा फक्त कडेच्या बेरजांवर अवलंबून असतो: ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले २००. तुम्हीच काढा आणि इथे लिहा.

अनुजा_सातारा

काढले. रोख, कार्ड, यूपीआय या क्रमाने:

३० पर्यंत: २८, १६, ३६
३१ ते ५०: २४.५, १४, ३१.५
५१ च्या पुढे: १७.५, १०, २२.५

पायवाट

मला एक कल्पना सुचली आणि ती जमली. बेरजा माहीत आहेत, अपेक्षित आकडे माहीत आहेत आणि शेवटची किंमत ९.५१ हीदेखील माहीत आहे. मी स्प्रेडशीटमध्ये बसून, बेरजा न मोडता, घरांतले आकडे बदलत गेलो. दोन तासांनी ही सारणी मिळाली:

३० पर्यंत: ३६, १५, २९
३१ ते ५०: २४, १५, ३१
५१ च्या पुढे: १०, १०, ३०

आडव्या आणि उभ्या सगळ्या बेरजा जुळतात. काय-स्क्वेअर ९.५१३ येतो. अनुजाताई, ही तुमची हरवलेली सारणी. निष्कर्षही लिहून टाका: वयस्कर ग्राहक यूपीआय अधिक वापरतात आणि तरुण ग्राहक रोख अधिक देतात.

अनुजा_सातारा

पायवाट, तुम्ही माझ्यासाठी दोन तास घालवलेत, खरेच धन्यवाद. आकडे मीही तपासले, किंमत बरोबर येते. पण निष्कर्ष वाचून मन धजेना. आमच्या दुकानात मी रोज गल्ल्यावर बसते. पन्नाशीच्या पुढचे बहुतेक जण पाकीट काढतात आणि कॉलेजची मुले फोन पुढे करतात.

देशमुख_मास्तर

पायवाट यांच्या हिशेबात चूक नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण मोलाचे आहे. त्यांच्या सारणीतला प्रत्येक आकडा अपेक्षित आकड्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर ठेवून बघा. पहिल्या घरात ३६ आहेत आणि अपेक्षित २८, म्हणजे ८ जास्त. त्या जागी ८ कमी, म्हणजे २० ठेवा. सगळ्या घरांत असेच करत गेलात की ही सारणी मिळेल:

३० पर्यंत: २०, १७, ४३
३१ ते ५०: २५, १३, ३२
५१ च्या पुढे: २५, १०, १५

बेरजा त्याच राहिल्या. काय-स्क्वेअरमध्ये फरकाचा वर्ग होत असल्याने किंमतही तीच, ९.५१३. अर्थ मात्र पूर्ण उलटा झाला: इथे तरुण यूपीआयकडे झुकलेले आहेत आणि वयस्कर रोखीकडे. म्हणजे कडेच्या बेरजा आणि काय-स्क्वेअरची किंमत दोन्ही हाती असूनही संबंध कोणत्या दिशेने आहे हे कळत नाही. परिकल्पनेच्या वाक्यातही दिशा नसते. "स्वतंत्र नाहीत" एवढेच ते म्हणते, कोण कुठे झुकले ते म्हणत नाही.

या दोन सारण्यांखेरीज इतर सारण्याही ९.५१ च्या आसपास येऊ शकतात. चार घरे मोकळी आहेत. स्वातंत्र्यमात्रा ४ चा अर्थ नेमका हाच आहे. या चार घरांना बांधणारे एकच समीकरण आपल्याकडे आहे, आणि तेही दोन दशांशांपर्यंतच. म्हणून मी दिलेली सारणीसुद्धा खरी आहे असे समजू नका. ती फक्त पायवाट यांच्या सारणीचे आरशातले रूप आहे.

पायवाट

हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. किंमत जुळली म्हणजे सारणी सापडली असे मी धरून चाललो होतो.

अनुजा_सातारा

पाच दिवसांनी परत आले. अभ्यासकेंद्रातल्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याकडे मूळ छापील संच मिळाला. सारणी अशी आहे: पहिली ओळ २०, १७, ४३. दुसरी २५, १३, ३२. तिसरी २५, १०, १५. मास्तरांनी आरशातली म्हणून दिलेली सारणीच खरी निघाली.

पण आता नवी अडचण उभी राहिली आहे. मी हातानेच गणित केले आणि माझे उत्तर ९.२९ आले. ते ९.४८८ पेक्षा कमी आहे, म्हणजे परिकल्पना नाकारता येत नाही. संच म्हणतो ९.५१ आणि नाकारली. तीनदा केले, तीनदा ९.२९ च आले. संचातले उत्तर चुकले आहे का?

देशमुख_मास्तर

तुम्ही वापरलेले अपेक्षित आकडे लिहा.

अनुजा_सातारा

२८, १६, ३६. मग २५, १४, ३२. मग १८, १०, २३. ग्राहक अर्धा नसतो म्हणून २४.५ चे २५ केले आणि बाकीचेही तसेच.

देशमुख_मास्तर

सापडले. अपेक्षित वारंवारता म्हणजे मोजलेली माणसे नव्हेत. दोन गुणधर्म स्वतंत्र असते तर अशा असंख्य नमुन्यांत त्या घरात सरासरी किती ग्राहक पडले असते, तो हा आकडा आहे, आणि सरासरीत अर्धा ग्राहक चालतो. पूर्णांक करायची सवय मातांच्या संख्येला लागू होती, कारण त्या मोजलेल्या होत्या. इथे ती लावायची नाही.

ही चूक कशी पकडायची तेही सांगतो. तुमच्या अपेक्षित आकड्यांची रोखीच्या स्तंभातली बेरीज करा: २८, २५ आणि १८ मिळून ७१ होतात. खरी बेरीज ७० आहे. दुसऱ्या ओळीतही २५, १४ आणि ३२ मिळून ७० ऐवजी ७१ होतात. अपेक्षित आकड्यांच्या बेरजा कडेच्या बेरजांशी तंतोतंत जुळल्याच पाहिजेत. नाही जुळल्या तर पुढे जाऊच नका.

आता तिसऱ्या ओळीचे रोखीचे घर जवळून बघा. निरीक्षित २५, अपेक्षित १७.५. फरक ७.५, त्याचा वर्ग ५६.२५, भागिले १७.५ म्हणजे ३.२१४. तुम्ही १८ घेतलेत म्हणून फरक ७, वर्ग ४९, भागिले १८ म्हणजे २.७२२. एका घरात अर्ध्याचा फरक पडला आणि किंमत सुमारे ०.५ ने घसरली. त्याच ओळीतल्या यूपीआयच्या घरात उलटे झाले: तिथे फरक ७.५ चा ८ झाला आणि २.५ ऐवजी २.७८३ आले. हे वाढले आणि ते घटले, तरी एकंदर बेरीज ९.५१ वरून ९.२९ वर आली. निकाल आधीच काठावर असल्यामुळे तेवढ्यानेच तो उलटला.

रत्नाकर_पणजी

मी एका कंपनीत आकडेवारीचे काम करतो. पडताळणीसाठी R मधल्या या ओळी चालवून बघा, शेवटच्या आज्ञेने अपेक्षित आकडे दशांशांसह दिसतील:

```
m <- matrix(c(20,17,43, 25,13,32, 25,10,15),
            nrow = 3, byrow = TRUE)
chisq.test(m)
chisq.test(m)$expected
```

किंमत ९.५१३, स्वातंत्र्यमात्रा ४ आणि पी-मूल्य ०.०४९ च्या जवळ येते. अनुजाताईंच्या पूर्णांकांवरून तेच मूल्य ०.०५४ आले असते. ०.०४९ आणि ०.०५४ यांत पुराव्याच्या दृष्टीने मोठे अंतर नाही, तरी एकाला "नाकारली" आणि दुसऱ्याला "नाकारता येत नाही" म्हणायचे, हे मला नेहमी खटकते. माझ्या अहवालात मी पी-मूल्य लिहितो आणि कोणत्या घरामुळे किंमत वाढली ते दाखवतो. इथे ९.५१ पैकी ५.७१ एकट्या तिसऱ्या ओळीतून येतात, म्हणजे संबंध मुख्यतः ५१ च्या पुढच्या ग्राहकांमुळे दिसतो. मधला वयोगट जवळजवळ अपेक्षेप्रमाणेच वागतो.

माझी एक शंका मात्र आहे. ८०, ७०, ५० अशा गोल बेरजा बघून वाटते की दुकानदाराने प्रत्येक वयोगटातून किती ग्राहक घ्यायचे हे आधीच ठरवले होते. तसे असेल तर "दोन गुणधर्म स्वतंत्र आहेत" ही परिकल्पनाच नेमकी बसत नाही. मग "तिन्ही वयोगटांत पैसे देण्याच्या पद्धतींची विभागणी सारखीच आहे" असे लिहायला हवे होते.

देशमुख_मास्तर

शंका रास्त आहे. दोन्ही प्रकारांत गणित एकच, सीमाही एकच. फरक फक्त दाव्याच्या शब्दांत आणि निष्कर्ष किती लोकांना लागू करायचा यात पडतो. पण गोल बेरजांवरून मी एवढे ठरवणार नाही, कारण सरावाची गणिते रचणारे सोयीसाठी गोल आकडे घेतातच. रोख ७०, कार्ड ४० आणि यूपीआय ९० हेही गोलच आहेत, आणि कोणी कोणती पद्धत निवडावी हे दुकानदार आधी ठरवू शकत नाही.

रत्नाकर_पणजी

तेही खरे. तरीही नमुना कसा घेतला हे प्रश्नात सांगितलेले नाही, तोवर परिकल्पनेच्या वाक्याला मी पूर्ण मान्यता देणार नाही.

निळी_शाई

मी अहवालाच्या लेखिकांना पत्र पाठवले होते. त्यांनी गटांच्या संख्या कळवल्या आहेत: ४१ आणि ५५. ४१ चे ४० टक्के १६.४ होतात, आणि १६ माता धरल्या तर ३९ टक्केच येतात. म्हणून हे आकडे पुन्हा त्यांच्याकडूनच पक्के करून घेते आणि मगच सारणी मांडते.

अनुजा_सातारा

मी अपेक्षित आकडे दशांशात ठेवून सगळे गणित पुन्हा केले. नऊ घरांची बेरीज ९.५१३ आली. वहीत निष्कर्ष असा लिहिला आहे: "५ टक्के पातळीवर वयोगट आणि पैसे देण्याची पद्धत स्वतंत्र आहेत ही परिकल्पना नाकारली जाते. ५१ च्या पुढच्या ग्राहकांत रोख देणारे अपेक्षेपेक्षा ७.५ ने अधिक आणि यूपीआय वापरणारे तितक्यानेच कमी आहेत." दुसरे वाक्य उत्तरात मागितलेले नाही, पण ते मी ठेवणार आहे. रत्नाकर यांची शंका मंगळवारच्या तासाला आमच्या मॅडमना विचारते आणि त्या काय म्हणतात ते इथे लिहिते.